बिलाखालच्या चार ओळी: मिठाईच्या दुकानदारांना पडणारे प्रश्न

बिलाखाली "धन्यवाद, पुन्हा भेट द्या" छापलेले आहेच. आणखी काय हवे?

ते वाक्य किराणावाला, औषधवाला, हार्डवेअरवाला असे सगळेच छापतात, म्हणून गिऱ्हाईक ते वाचतच नाही. कधी यायचे आणि कशासाठी यायचे, हेही त्यात नसते. ज्यांनी पेढे नेले त्यांना तुमचे पेढे आवडतीलही, पण पुढचा पेढा घ्यायचे निमित्त घरात पुन्हा केव्हा येईल ते त्यांनाही ठाऊक नसते. बिलाखालच्या मजकुराने एवढेच काम करायचे आहे की पुढचे निमित्त नाव आणि वार घेऊन सांगायचे.

मी मिठाईच्या आणि फरसाणच्या दुकानांत बिलिंगची यंत्रे बसवून देतो. यंत्र सुरू करताना मालक किमती, वजनकाटा, जीएसटी सगळे बारकाईने तपासतात आणि शेवटी "खाली काय टाकू?" असे विचारले की म्हणतात, "टाका काहीतरी धन्यवाद वगैरे." पुढे ते "काहीतरी" वर्षानुवर्षे छापले जाते. दिवसाला तीनशे बिले फाडणाऱ्या दुकानात तीनशे घरांपर्यंत जाणारी ही जागा अशी मोकळी पडलेली बघवत नाही, म्हणून दुकानदार मला नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मग नेमके काय लिहायचे?

एक पदार्थ, एक वार आणि तो मिळवायला काय करायचे. यापलीकडे काही नको.

आपल्याकडे मिठाईवाल्याला निमित्त शोधत बसावे लागत नाही, पंचांगातच ते तयार असते. सगळ्यांत उपयोगाचे निमित्त संकष्टीचे. संकष्टी दर महिन्याला येते, पण इंग्रजी तारखेने दर वेळी वेगळ्या दिवशी, त्यामुळे "पुढची संकष्टी कधी?" हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. त्याचे उत्तर तुमच्या बिलावर असेल तर बिल जपून ठेवले जाते. उपास रात्री चंद्र पाहून सोडायचा असतो, नैवेद्याला मोदक हवे असतात आणि नोकरी करणाऱ्या बाईला संध्याकाळी घरी येऊन उकड काढायला वेळ नसतो. म्हणून बिलावर असे येऊ शकते:

पुढची संकष्टी: शनिवार, ता. …
उकडीचे मोदक हवेत?
आदल्या दिवशी ७ पर्यंत सांगा.

यात तारीख आहे, पदार्थ आहे आणि "आदल्या दिवशी सातपर्यंत" ही अटही आहे. अटीची ओळ गाळू नका. उकडीचे मोदक करून ठेवता येत नाहीत. पारी दुसऱ्या दिवशी कडक होते, म्हणून किती करायचे हे आदल्या रात्री कळले तरच माल उरत नाही आणि कमीही पडत नाही. गिऱ्हाईक परत येते आणि तुमचे उत्पादनही आखता येते, अशी दोन्ही कामे एकाच ओळीत होतात. मंगळवारी संकष्टी आली तर "अंगारकी" हा शब्द छापायलाच हवा, त्या दिवशी एरवी उपास न करणारेही करतात.

तुमच्याकडे उकडीचे मोदक होत नसतील तर आठवड्याचा वार धरा. गुरुवारी दत्ताच्या आणि स्वामींच्या देवळात जाणारे पेढे नेतात. रविवारी सकाळी गरम जिलेबी हे कितीतरी गावांत ठरलेले असते. एकादशीला उपासाचा चिवडा आणि राजगिऱ्याचे लाडू लागतात. यातले एकच निवडा, आणि ते दुकानात खरेच त्या दिवशी, त्या वेळी असले पाहिजे. "रविवारी सकाळी ८ ते ११ गरम जिलेबी" असे वाचून कोणी साडेआठला आले आणि "अजून तेल तापतंय" असे ऐकावे लागले, तर त्या बिलाने तुमचे नुकसानच केले. कारागीर आठपर्यंत पहिला घाणा काढू शकत नसेल तर बिलावर नऊ लिहा.

एकाच बिलावर संकष्टी, जिलेबी, लग्नाच्या ऑर्डरी, नवीन शाखा असे सगळे टाकले तर?

तर त्यातले काहीच वाचले जाणार नाही. गिऱ्हाईक बिलाकडे दोनदा पाहते. एकदा गल्ल्यापाशी, तेव्हा डोळे एकूण रकमेवर असतात. दुसऱ्यांदा घरी पिशवी रिकामी करताना, आणि खालचा मजकूर वाचला गेला तर तेव्हाच. तेवढ्या वेळात एक गोष्ट डोक्यात राहते. बाकीच्यांना त्यांची पाळी येईल, कारण मजकूर बदलता येतो.

किती ओळी मावतात?

ते कागदावर अवलंबून आहे. दुकानांत दोन मापांचे थर्मल रोल चालतात: ५८ मिलिमीटरचा, ज्याला सगळे दोन इंची म्हणतात, आणि ८० मिलिमीटरचा म्हणजे तीन इंची. ५८ च्या कागदावर प्रत्यक्ष छपाई सुमारे ४८ मिलिमीटर रुंदीत होते आणि ८० च्या कागदावर साधारण ७२ मध्ये. इंग्रजी अक्षरे पहिल्यावर एका ओळीत ३२ आणि दुसऱ्यावर ४८ बसतात. मराठीला वेलांट्या-मात्रांमुळे वर-खाली जागा लागते, म्हणून अक्षर थोडे मोठे ठेवावे लागते. दोन इंची कागदावर वाचता येईल अशा आकारात वीस-बावीस अक्षरांची ओळ धरा. त्याहून लांब ओळ मशीन कुठेही तोडते आणि "आदल्या दिव" वर, "शी सांगा" खाली असे होते. ओळ कुठे तुटावी ते तुम्ही ठरवा आणि वाक्य तसे लिहा.

चार-पाच ओळी पुरेत. पाच ओळींना सुमारे दोन सेंटिमीटर कागद लागतो. तीनशे बिलांना तो सहा मीटर होतो, म्हणजे फार नाही. पण दहा-बारा ओळी टाकल्या की कागद वाढतो, शिवाय लांब बिल घडी घालून पिशवीत कोंबले जाते.

एक बारीक गोष्ट नेहमी राहून जाते. छपाईचे हेड आणि कागद फाडायचे पाते यांत सेंटिमीटरभर अंतर असते. मजकुरानंतर तीन-चार कोऱ्या ओळी सोडल्या नाहीत, तर शेवटची ओळ मशीनमध्येच राहते आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या बिलाच्या डोक्यावर निघते. तुमचा फोन नंबर शेवटच्या ओळीत असेल तर तोच नेमका असा गायब होतो. आपलेच एक बिल फाडून पाहिले की लगेच कळते.

मराठी मजकूर टाकला तर प्रश्नचिन्हे छापली जातात. का?

बहुतेक थर्मल प्रिंटरच्या आत इंग्रजी आणि काही परदेशी लिप्यांचीच अक्षरे भरलेली असतात. सॉफ्टवेअरने मराठी अक्षरे नुसती पाठवली तर प्रिंटरला ती ओळखता येत नाहीत, मग प्रश्नचिन्हे किंवा चौकोन येतात. कधी अक्षरे येतात पण जुळत नाहीत: "मिठाई"मधली पहिली वेलांटी "म"च्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहतात. तसे बिल छापण्यापेक्षा न छापलेले बरे.

याला दोन उपाय आहेत. पहिला असा की बिल संगणकावरून निघत असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये अक्षरांऐवजी चित्र म्हणून छापायचा पर्याय शोधायचा. मग मराठीची जुळणी संगणक करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. छपाई थोडी सावकाश होते, पण गर्दीतही चालून जाते. दुसरा उपाय हातात धरायच्या छोट्या मशीनसाठी. त्यांत बहुधा बिलाच्या वर किंवा खाली लोगो टाकायची सोय असते. खालचा मजकूर चित्र म्हणून बनवायचा आणि लोगोच्या जागी भरायचा. दोन इंची प्रिंटरला चित्राची रुंदी ३८४ ठिपके लागते, तीन इंचीला ५७६. चित्र निव्वळ काळे-पांढरे ठेवा, कारण करडी छटा छपाईत ठिपक्याठिपक्यांची येते. अक्षराची उंची २४ ठिपक्यांपेक्षा कमी झाली की अनुस्वार आणि मात्रा भरून जातात आणि "पेढे"चे काय होईल सांगता येत नाही.

डीटीपीवाल्याकडून मजकूर आणला असेल तर तो युनिकोडमध्ये मागा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर बिलिंगमध्ये चिकटवला की निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात, आणि दोष मशीनवर जातो.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही ओळ ठेवावी का?

काढून टाका, आजच.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे ती ओळ छापून तुम्हाला कसलेच संरक्षण मिळत नाही. उलट तक्रार झालीच तर ते तुमच्या विरोधातले लेखी बोलणे ठरते.

कायदा बाजूला ठेवला तरी ती ओळ तोट्याचीच आहे. मिठाईत बिघाड झाला, बर्फीला आंबूस वास आला, डब्यात पाव किलो कमी निघाले, तर बहुतेक माणसे भांडायला येत नाहीत. ती फक्त दुकान बदलतात, आणि शेजारणीला सांगतात. तुम्हाला काहीच कळत नाही. परतीची ओळ वाचून तर जी दोन माणसे तुमच्यापर्यंत आली असती तीही थांबतात. त्याजागी हे छापा:

चवीत, वजनात काही खटकले
तर बिल घेऊन या
किंवा फोन करा: (दुकानाचा नंबर)

"मग लोक अर्धा डबा खाऊन परत आणतील" ही भीती मला प्रत्येक दुकानात ऐकायला मिळते. असे करणारा एखादा असतो, आणि तो ती ओळ नसतानाही करतोच. त्याच्या पाव किलो पेढ्यांपेक्षा जो न बोलता निघून गेला त्याच्या वर्षभराच्या सणांची किंमत मोठी असते. मुदत मात्र घाला. "त्याच दिवशी" किंवा "दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत" असे लिहिले की चार दिवस फ्रिजबाहेर राहिलेल्या बासुंदीचा वाद उद्भवत नाही. दुधाच्या पदार्थाला अशी छोटी मुदत रास्तच आहे आणि गिऱ्हाइकालाही ती पटते.

फोन नंबर असा द्या की तो दुकान उघडे असेपर्यंत उचलला जाईल. मालकाचा खासगी नंबर देऊन तो दुपारी झोपेत बंद ठेवणे याला अर्थ नाही.

पदार्थ कसा ठेवायचा, हेही लिहावे का? त्याने गिऱ्हाईक परत कसे येईल?

लिहावेच. मिठाई बिघडली की दोष नेहमी दुकानावर येतो, ती घरात कशीही ठेवलेली असो. खव्याची बर्फी उन्हाळ्यात दोन दिवस ओट्यावर राहिली आणि तिला बुरशी आली, तर घरातले म्हणतात, "अमक्याकडचा माल शिळा होता." एका ओळीने हे टळते.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर "या तारखेपूर्वी खावे" ही तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. ती तारीख गिऱ्हाईक दुकानात पाहते, घरी गेल्यावर विसरते. म्हणून तीच बिलावर न्या. खाद्यसुरक्षा प्राधिकरणाच्या मार्गदर्शनात ढोबळ विभागणी अशी आहे: कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाईसारखे पदार्थ दोन दिवसांत, खव्याचे पेढे-बर्फी चार दिवसांत, आणि बेसनाचे लाडू, चिक्की यांना महिनाभर. तुमच्या खव्यातला ओलावा आणि तुमच्या गावचा उन्हाळा पाहून तुम्ही यापेक्षा कमी दिवस लिहू शकता, जास्त लिहू नका. बिलावरचा आकडा आणि ट्रेवरची तारीख एकमेकींशी जुळलीच पाहिजे.

अडचण अशी की साध्या बिलिंगमध्ये सगळ्या बिलांना एकच तळमजकूर असतो, आणि "फ्रिजमध्ये ठेवा" ही ओळ चिवड्याच्या बिलावरही जाते. सॉफ्टवेअरमध्ये पदार्थाच्या नावाखाली टीप छापायची सोय असेल तर तिथे टाका. नसेल तर पदार्थाच्या नावातच भरा: "खवा बर्फी (फ्रिज, ३ दिवस)". तेही जमत नसेल तर ओळ नेमकी लिहा: "पेढे-बर्फी फ्रिजमध्ये ठेवा, ३ दिवसांत संपवा." चिवडा नेणाऱ्याला ती आपल्यासाठी नाही हे समजते.

बिल मिठाईच्या डब्यात ठेवावे की पिशवीत?

डब्यात कधीच ठेवू नका. थर्मल कागदावर रसायनाचा थर असतो, तो खाण्याच्या पदार्थाला लागू नये. शिवाय तूप किंवा तेल लागले की छपाई फिकी पडते आणि उष्णतेने कागद काळा पडतो. गरम जिलेबीच्या पुड्याला चिकटलेले बिल घरी जाईपर्यंत वाचण्याजोगे राहत नाही. डब्याच्या झाकणावर, बाहेरून, छपाई वर करून रबराखाली अडकवा, म्हणजे डबा उघडताना ते हातात येते.

एक खरे वाटेल असे उदाहरण करून दाखवाल का?

समजा तालुक्याच्या गावात बसस्टँडजवळ दुकान आहे. पेढे, बर्फी, श्रीखंड, फरसाण, रविवारी जिलेबी आणि संकष्टीला उकडीचे मोदक. दोन इंची प्रिंटर. बिलाखाली आज हे छापले जाते:

धन्यवाद! पुन्हा भेट द्या!!
एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
लग्न, मुंज, वाढदिवस, बारसे यांच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील.
शुद्धता हीच आमची ओळख.
आमची कोठेही शाखा नाही.

एकेक ओळ पाहू. पहिलीचे आणि दुसरीचे वर बोललोच. तिसरी उपयोगाची आहे, पण चुकीच्या जागी. पाव किलो फरसाण नेणाऱ्याला त्या क्षणी लग्नाची ऑर्डर द्यायची नसते, आणि ज्याला द्यायची असते तो बिल वाचून नाही तर दुकानाचे नाव ऐकून येतो. ती पाटी काउंटरवर लावा. चौथी ओळ प्रत्येक दुकानाच्या बोर्डावर असते, तिने कोणाची खात्री पटत नाही. त्याऐवजी "वजन डब्याशिवाय" एवढे दोन शब्द छापा. मिठाई मोजताना डब्याचे वजन धरायचे नसते, हा वजनमापाचा नियमच आहे, पण गिऱ्हाइकाच्या मनात ती शंका कायम असते. तुम्ही काट्यावर डबा ठेवून आधी शून्य करत असाल तर ते छापून सांगण्यासारखे आहे. करत नसाल तर आधी ते सुरू करा, मग छापा.

पाचवी ओळ, शाखा नसल्याची. गावात किंवा हायवेवर तुमच्या नावाशी मिळतेजुळते दुसरे दुकान असेल आणि लोक फसत असतील, तरच ती ठेवा. तसे नसेल तर ती पहिल्यांदा येणाऱ्याला काहीच सांगत नाही.

आता नवीन मजकूर:

वजन डब्याशिवाय केले आहे.
पेढे-बर्फी फ्रिजमध्ये
ठेवा, ३ दिवसांत संपवा.
काही खटकले तर उद्या
दुपारपर्यंत बिल आणा.
पुढची संकष्टी: शनिवार.
मोदक शुक्रवारी ७ पर्यंत
सांगा: (दुकानाचा नंबर)

आठ ओळी झाल्या. माझ्या मते या फार आहेत. इथे दुकानदाराला निवड करावी लागते. मी "वजन" आणि "खटकले तर" या ओळी बिलाच्या वर, दुकानाच्या नावाखाली नेतो, कारण त्या कायमच्या आहेत, त्या बदलायच्या नाहीत. खाली टिकवणीच्या दोन आणि संकष्टीच्या तीन ओळी राहतात. संकष्टी झाली की त्याच रात्री त्या तीन ओळी काढून तिथे रविवारची जिलेबी येते, आणि पुढच्या संकष्टीला आठ-दहा दिवस उरले की पुन्हा संकष्टी. शेवटची ओळ अंगठ्याने झाकली जाते म्हणून नंबर किंचित मोठ्या अक्षरात.

एफएसएसएआय नंबरही खालीच टाकायचा का?

१४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक बिलावर असणे १ जानेवारी २०२२ पासून आवश्यक आहे. तो कुठेही चालतो, पण वर दुकानाच्या पत्त्याखाली टाका, म्हणजे खालची जागा मोकळी राहते. काँपोझिशन योजनेत असाल तर कर आकारायला पात्र नसल्याचे वाक्यही बिलाच्या वरच्या भागातच लागते, त्याचा नेमका मजकूर तुमच्या कर सल्लागाराकडून घ्या.

सणांसाठी मजकूर कधी बदलायचा?

शुभेच्छा देण्यासाठी बदलणार असाल तर बदलू नका. ऑर्डर घेण्यासाठी बदला, आणि लोक ठरवतात त्याच्या आधी बदला. गणपतीच्या मोदकांचे आणि दिवाळीच्या फराळाचे लोक दोन-तीन आठवडे आधी ठरवू लागतात. श्रावणात पेढे नेणाऱ्याच्या बिलावर "गणपतीसाठी २१ मोदकांचा डबा, नोंदणी सुरू" असे असले पाहिजे. चतुर्थीच्या दिवशी ते छापून काही उपयोग नाही. राखीच्या आधी नारळाची वडी, दसऱ्याला श्रीखंड-जिलेबी, संक्रांतीला तिळाची वडी आणि गूळपोळी, पाडव्याला पुन्हा श्रीखंड. नोंदणीची शेवटची तारीख छापा आणि ती पाळा. तारीख उलटल्यावर "चला, घेतो" असे म्हटले की पुढच्या वर्षी ती तारीख कोणी मानत नाही.

सण संपला की त्या रात्री मजकूर काढा. डिसेंबरात दिवाळीच्या शुभेच्छा वाचणाऱ्याला वाटते की इथे कोणाचे लक्ष नाही, आणि तो मग ट्रेमधल्या बर्फीकडेही तसाच पाहतो. हे काम एका माणसाकडे द्या, आणि दुकानातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखांना खूण करून ठेवा.

आगाऊ पैसे घेतल्यावर देतो त्या ऑर्डरच्या पावतीवरही हाच मजकूर चालेल का?

नाही, आणि ही पावती जास्त महत्त्वाची आहे. साधे बिल फेकले जाते, पण आगाऊ रकमेची पावती माल ताब्यात येईपर्यंत पाकिटात जपली जाते. तिच्यावर माल न्यायची वेळ, किती पैसे उरले आणि उशीर होणार असेल तर कोणाला फोन करायचा, हे तीन स्पष्ट असू द्या. मुंजीच्या सकाळी पाच किलो श्रीखंड न्यायला आलेल्या मामाला पावतीवर "सकाळी ९ नंतर" हे वाचता आले तर काउंटरवरची ओढाताण टळते. बहुतेक दुकानांत ही पावती हाती लिहिलेल्या पुस्तकातली असते. त्याच्या खाली शिक्का मारला तरी चालतो.

"हे बिल आणा आणि १० टक्के सूट मिळवा" हे छापावे का?

माझा कौल नाही. हिशोब पाहा. पुढच्या वेळी कोणी पाचशेची मिठाई घेतली तर दहा टक्क्यांनी पन्नास रुपये थेट नफ्यातून जातात, आणि तो माणूस कदाचित तसाही आलाच असता. त्याऐवजी शंभर ग्रॅम चिवडा दिला, आणि तो तुम्हाला समजा पंचवीस रुपयांना पडतो, तर खर्च निम्मा होतो आणि फक्त मिठाई नेणाऱ्याला तुमचा चिवडाही कळतो. एकदा सवलतीची सवय लागली की पूर्ण किंमत महाग वाटू लागते, चिवड्याने तसे होत नाही.

देणारच असाल तर तीन गोष्टी ठरवा: किती रकमेच्या खरेदीवर, कोणत्या तारखेपर्यंत, आणि दिल्यावर बिलाचा कोपरा फाडायचा. मुदत महिन्याच्या आत ठेवा. थर्मल छपाई पाकिटात, उन्हात लवकर फिकी पडते आणि कोऱ्या कागदावरून वाद होतो. दिवाळीच्या आठवड्यात असले काही छापू नका, तेव्हा गिऱ्हाईक आणायची गरजच नसते.

क्यूआर टाकावा का?

ऑर्डर व्हॉट्सॲपवर घेत असाल तर एक टाका. त्यासाठीचा दुवा असा असतो, पुढे तुमचा दहा अंकी नंबर:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

छापल्यावर तो किमान अडीच सेंटिमीटर बाजूचा असावा आणि भोवती कोरी जागा हवी. दोन-तीन वेगवेगळ्या फोनांवर, त्यांतला एक जुना, वाचून पाहा. पैसे भरायचा क्यूआर आणि हा एकाच बिलावर कधीही नको, लोक चुकीचा स्कॅन करतात. आणि बिल देताना मोबाइल नंबरसाठी अडून बसू नका. कोणी स्वतःहून दिला तर घ्या, आणि तो ऑर्डरपुरताच वापरा.

भाषा कशी असावी?

काउंटरवर तुम्ही बोलता तशी. "कृपया नोंद घ्यावी की" वगैरे सरकारी थाट नको, आणि "तू" तर नकोच. "सांगा", "या", "ठेवा" हे सरळ आणि आदराचे आहे. गिऱ्हाइकांत कानडी किंवा हिंदी बोलणारे बरेच असतील, उदाहरणार्थ बेळगाव-निपाणीकडे किंवा मुंबईच्या उपनगरात, तर फक्त वार आणि वेळेची ओळ दुसऱ्या भाषेत पुन्हा द्या.

फरक पडतोय हे कसे ओळखायचे?

गल्ल्यापाशी वही ठेवा. संकष्टीच्या मोदकांची ऑर्डर घेताना फक्त एवढे विचारायचे: "कुठे कळलं?" बिलावर वाचले असे म्हटले की एक रेघ. काउंटरवरच्या मुलाला गर्दीत जमले नाही तरी अर्ध्या वेळा जमते, तेवढे पुरते. मजकूर बदलल्यावर दोन संकष्ट्या जाऊ द्या आणि त्यांची तुलना आधीच्या दोन साध्या संकष्ट्यांशी करा. अंगारकी किंवा श्रावणातली संकष्टी मध्ये आली तर ती धरू नका, त्या दिवशी विक्री तशीही वाढते. एका वेळी एकच ओळ बदला, म्हणजे कशामुळे काय झाले ते कळते.

दोन संकष्ट्यांनंतरही रेघा नसतील तर मजकूर बदलण्याआधी एक गोष्ट तपासा: बिल गिऱ्हाइकाच्या हातात जाते का? कितीतरी दुकानांत ते छापून गल्ल्याशेजारच्या खिळ्याला टोचले जाते, किंवा पाव किलोच्या गिऱ्हाइकाला दिलेच जात नाही. संध्याकाळी खिळ्यावरची बिले मोजा. ती निम्म्याहून जास्त असतील तर आधी काउंटरवरच्या मुलाला बिल डब्याला लावून द्यायची सवय लावा, आणि मजकूर तोच ठेवून आणखी एक संकष्टी पाहा.